डोकं फुगवलं की विनोद होत नाही

मोठ्या माणसाचं डोकं आणि लहान मुलाचं धड अशी जोडणी केलेलं पोस्टर हल्ली प्रत्येक घरगुती कार्यात असतंच. पंच्याहत्तरी असो, साठी असो, लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असो, हॉलच्या दारात एक मिशीवाले आजोबा चड्डी-बनियनमध्ये लॉलीपॉप धरून उभे असतात आणि खाली लिहिलेलं असतं, 'आमचं बाळ पंचाहत्तरीचं झालं हो!' मला हा प्रकार मनापासून आवडतो. हे आधीच सांगते, म्हणजे पुढची बडबड वाचून कुणी म्हणायला नको की हिला गंमतच कळत नाही.

माझं भांडण त्या डोक्याच्या आकाराशी आहे.

ज्याला विचाराल तो सांगतो, डोकं मोठं करा, दुप्पट करा, अजून थोडं ओढा, म्हणजे मजा येते. फ्लेक्सवाला न विचारताच ओढतो. आमचा मावसभाऊ (वाचतोयस ना रे?) तर याबाबतीत कट्टर आहे. त्याच्या मते डोकं खांद्याबाहेर आलं नाही तर पोस्टर फुकट. मी डीटीपीच्या धंद्यात बरीच वर्षं काढली, अशी किमान पन्नासेक डोकी या हातांनी बसवली, आणि माझं मत बरोबर उलटं आहे. डोकं फुगवलं की तो विनोद मरतो. त्याच्या जागी दुसराच एक विनोद येतो, जो आपल्याला नको असतो.

आता हे नुसतं मत म्हणून सोडून देता आलं असतं, पण गंमत अशी की इथे चक्क मोजमाप माझ्या बाजूने आहे.

चित्रकलेच्या वर्गात पहिल्या वर्षी शिकवतात की माणसाची उंची त्याच्याच डोक्याने मोजायची. हनुवटीपासून टाळूपर्यंत एक डोकं. मोठा माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो. वर्षाचं मूल जेमतेम चार डोकी. पाच वर्षांचं मूल साडेपाचच्या आसपास. ही मोजणी काही आजची नव्हे; जर्मन चित्रकार ड्यूररचं मानवी प्रमाणांवरचं पुस्तक १५२८ साली छापलं गेलं आणि त्यात लहान मुलाचीही मापं आहेत. मुलाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं हे आपल्याला पुस्तकाशिवायही ठाऊक असतं, म्हणून तर झबल्याचा गळा मोठा शिवतात.

आता खरी गंमत बघा. मोठ्या माणसाचं डोकं मुलाच्या डोक्यापेक्षा प्रत्यक्षात कितीसं मोठं असतं? लोकांना वाटतं, दुप्पट तरी असेल. नाही! १०८ सेंटिमीटर उंचीच्या पाच वर्षांच्या मुलाचं डोकं हनुवटी ते टाळू साडेएकोणीस सेंटिमीटरच्या घरात भरतं. १६८ सेंटिमीटरच्या मामांचं साडेबावीस. म्हणजे फरक फक्त तीन सेंटिमीटरचा, जेमतेम पंधरा टक्के. आपली कवटी पहिल्या पाच-सहा वर्षांतच जवळजवळ पुरी वाढून घेते. नंतर वाढतात ते हात, पाय, धड आणि जबडा.

म्हणजे समजा जादूने मामांचं खरंखुरं डोकं, आहे त्या आकारात, त्या मुलाच्या धडावर ठेवलं तर काय होईल? धड हनुवटीपर्यंत साडेअठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर, वर साडेबावीसचं डोकं, एकूण १११. भागून पाहा, जवळजवळ पाच डोकी येतात. पाच डोकी म्हणजे तीनेक वर्षांच्या मुलाचं प्रमाण! फुगवण्याची गरजच काय? निसर्गाने आधीच ते डोकं मुलाच्या अंगाला शोभेल असं ठेवलंय.

मावसभावाने केलेलं पोस्टर मी पिक्सेल मोजून पाहिलं. (हा माझा जुना आजार, सोडा.) मुलाचा उभा फोटो टाळूपासून तळव्यापर्यंत २२०० पिक्सेलचा, त्यात मुलाचं स्वतःचं डोकं ४०० पिक्सेल. याने मामांचं डोकं केलं ९०० पिक्सेल. हनुवटीखाली १८०० आणि वर ९००, म्हणजे आकृती बरोब्बर तीन डोक्यांची. तीन डोक्यांचं मूल पृथ्वीतलावर जन्मत नाही. नवजात बाळही चार डोक्यांच्या आसपास असतं. मामांच्या डोक्याची रुंदी झाली ६०० पिक्सेल आणि मुलाचे खांदे होते ५५० चे. डोकं खांद्यांपेक्षा रुंद! गाडीच्या डॅशबोर्डवर मान हलवत बसणारे बाहुले असतात ना, तसं.

'मग? हसले की सगळे,' असं त्याचं म्हणणं. हसले, खरंय. पण कशाला हसले? डोक्याला. मामा लहान झाले म्हणून कुणी हसलं नाही, कारण त्या चित्रात मूल शिल्लकच नव्हतं. एक भलं मोठं डोकं होतं आणि खाली लोंबणारं काहीतरी. मामा स्वतः चष्मा वर करून जरा वेळ बघत राहिले आणि मामींना हळूच म्हणाले, 'अगं, माझं डोकं एवढं मोठं दिसतं का?' लहानपणी शाळेत त्यांना कोणत्या नावाने चिडवायचे ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा इथे लिहीत नाही. पंच्याहत्तराव्या वर्षी तेच नाव दोन बाय तीन फुटांत छापून दारात लावलं आपण.

मोठं डोकं आणि चिमुकलं धड ही व्यंगचित्राची जुनी रीत आहे आणि ती वाईट मुळीच नाही. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये आंद्रे जिल नावाचा व्यंगचित्रकार 'ला ल्यून' या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर बड्या मंडळींची अशीच चित्रं काढायचा. भलं मोठं डोकं आणि खाली काडीसारखं अंग. पण तिथे हेतू काय? त्या माणसाचा चेहरा, त्याचा तोरा, त्याची खोड चव्हाट्यावर आणायची. तो वार असतो, आणि सत्तेवरच्या माणसावर तो करायलाच हवा. मामांवर कसला वार करायचाय?

आपल्या पोस्टरातला विनोद निराळा. बघणाऱ्याच्या डोळ्यांनी आधी 'अरे, मूल आहे' असं मान्य करायला हवं, आणि मग अर्ध्या क्षणाने त्या मुलाला मिशी आणि चष्मा आहे हे लक्षात यायला हवं. तो अर्धा क्षण म्हणजेच सगळी मजा. तीन डोक्यांची आकृती दिसली की डोळा पहिल्याच झटक्यात म्हणतो, 'फोटोशॉप!' आणि तो क्षण गेला.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. ही कमी आहेत, पण आहेत, आणि ती स्वतःला शास्त्रशुद्ध समजतात. ती काय करतात, मुलाचं डोकं हनुवटी ते टाळू मोजतात, ४०० पिक्सेल, आणि मामांचं डोकंही बरोबर ४०० करून चिकटवतात. आकडा जुळला, चित्र फसलं. मामा एकदम सुकलेले दिसतात, लिंबासारखे. असं का होतं, तर मुलाचं डोकं वरून रुंद असतं आणि चेहरा लहान. मोठ्या माणसाचा चेहरा जबड्याकडे लांबलेला असतो. उंची सारखी केली की मोठ्याचं डोकं रुंदीला कमी पडतं आणि त्या धडावर बारकं वाटतं. युरोपातल्या तेराव्या शतकातल्या चित्रांमधला बाळ येशू पाहिलाय का? बऱ्याच चित्रांत तो बाळ वाटतच नाही, आईच्या मांडीवर एक छोटासा पोक्त गृहस्थ बसलाय असं वाटतं. डोकं लहान ठेवलं की आपल्या पोस्टरातही तोच गृहस्थ येऊन बसतो.

म्हणून माझा नियम एकच. उंची जुळवू नका, रुंदी जुळवा. आणि रुंदी मोजायची ती कानांच्या जरा वर, जिथे कवटी सगळ्यात रुंद असते तिथे. केस धरायचे नाहीत. पोरांचे केस दोन-दोन बोटं उभे असतात आणि आमच्या मामांच्या डोक्यावर मोजायला काही उरलेलं नाही. केसांसकट मोजलंत तर हिशेब दोन्हीकडून चुकतो.

मामांच्या पोस्टरवर हे कसं झालं ते सांगते. धड त्यांच्याच नातवाचं, वय वर्षं पाच. (आई-बापांना विचारून, आणि खुद्द नातवाला एक चॉकलेट देऊन. नेटवरून कुणाच्या तरी पोराचा फोटो उचलून त्याचं डोकं उडवायचं हे मला अजिबात पटत नाही.) नातवाची कानांवरची रुंदी २९० पिक्सेल. मामांच्या फोटोत त्यांचं डोकं १५०० पिक्सेल उंच आणि १००० रुंद. रुंदी जुळवायची तर मामा २९ टक्क्यांवर आणायचे, म्हणजे डोकं ४३५ उंच होतं. ही झाली खालची मर्यादा. वरची मर्यादा निसर्गाने दिलेली, मुलापेक्षा पंधरा टक्के मोठं, म्हणजे ४६०. या दोन आकड्यांच्या मधे कुठेही थांबा. मी ३० टक्के घेतले. ४५० उंच, ३०० रुंद. उभ्या फोटोवर बसवून पाहिलं तर आकृती पाच डोक्यांची भरली.

४३५ ते ४६०, एवढीशीच जागा आहे खेळायला. आणि मावसभाऊ ९०० वर जाऊन बसला होता!

पण नुसता आकार जमला की झालं असं नाही. पुढची अडचण हनुवटीची. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. पाच वर्षांच्या मुलाचे मध्याच्या जरा खाली. त्यामुळे मुलाच्या हनुवटीच्या जागी मामांची हनुवटी ठेवली की मामांचे डोळे मुलाच्या डोळ्यांपेक्षा बरेच वर जातात. आमच्या फोटोत पंचेचाळीस पिक्सेल वर गेले. मग डोकं काठीवर लावल्यासारखं उंच वाटतं आणि लोक म्हणतात, 'काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नाही.' उपाय सोपा आहे. डोकं खाली सरकवा, हनुवटी मुलाच्या मानेवर जरा चढू द्या. मी वीस-बावीस पिक्सेल उतरवलं. मुलांचं डोकं तसंही खांद्यांत रुतल्यासारखंच दिसतं, त्यामुळे ते खपून जातं.

आणि मान! मान मुलाचीच ठेवायची. हे मी ओरडून सांगते, कारण नव्वद टक्के पोस्टरं इथे मार खातात. लोक मामांचं डोकं गळ्यासकट कापतात, कारण कापायला ते सोपं पडतं, आणि तो गळा मुलाच्या शर्टात कोंबतात. मोठ्या पुरुषाची मान समोरून बारा सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते आणि पाच वर्षांच्या पोराचे अख्खे खांदे सत्तावीसचे. जवळजवळ निम्मे खांदे मानेतच गेले, तालमीतल्या पैलवानासारखे. तेव्हा मामांना जबड्याच्या रेषेवर कापायचं, कानाच्या पाळीपासून हनुवटीवरून दुसऱ्या पाळीपर्यंत. खाली मुलाची बारीक मान राहू द्यायची आणि तिचा रंग तेवढा मामांच्या चेहऱ्याला जुळवून घ्यायचा. मग हनुवटीखाली सावली द्यायची: नवा लेअर, मोड `Multiply`, मऊ ब्रश, हलका हात. ती सावली नसेल तर डोकं पुठ्ठ्यासारखं तरंगतं. गिंपमध्ये हे सगळं फुकटात होतं.

आणखी एक. डोकं १५०० वरून ४५० वर आणलं की ते धडापेक्षा जास्त धारदार दिसायला लागतं. धड मऊ आणि मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. तिथे डोक्याला अगदी किंचित ब्लर द्यावा लागतो, एक पिक्सेलच्याही आत. उलट दिशेने मात्र इलाज नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला, ग्रुप फोटोतून कापलेला २०० पिक्सेलचा चेहरा वाढवून ४५० केलात तर तो लापशी दिसणारच.

म्हणून फोटो नवेच काढावेत. आणि ते काढतानाही प्रमाण बिघडू शकतं, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. आपण उभे राहून मुलाचा फोटो काढतो. कॅमेरा वरून खाली बघतो, मुलाचं डोकं कॅमेऱ्याजवळ आणि पाय लांब. साडेपाच डोक्यांचं पोर फोटोत साडेचार डोक्यांचं होतं. मग त्याच्या डोक्यावरून माप घेतलंत तर माझा हिशेबही तुम्हाला वाचवणार नाही. फरशीवर बसा, कॅमेरा मुलाच्या छातीच्या उंचीला धरा आणि अडीच-तीन मीटर मागे सरका. मामांचा फोटो त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून, तेवढ्याच अंतरावरून, झूम करून. मोबाइल नाकासमोर धरून काढला तर नाक भजीएवढं आणि कान गायब. उजेड दोघांना एकाच बाजूने हवा. आम्ही दोघांनाही त्याच खिडकीजवळ, खिडकी डाव्या हाताला ठेवून बसवलं.

आता मावसभावाचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि त्याचं उत्तर द्यायलाच हवं. तो म्हणतो, 'ताई, तुझं प्रमाण घाल चुलीत. हॉलच्या दारातून मामा ओळखू यायला नकोत का? सहा इंचाचं डोकं लांबून कुणाला दिसणार?' बरोबर आहे. तीन फुटी पोस्टरमध्ये मूल तीस इंच उभं केलं तर पाच डोक्यांच्या हिशेबाने डोकं सहाच इंच येतं.

पण यावरचा उपाय डोकं ओढणं हा नाही. मुलाला खाली बसवा! पाच वर्षांचं मूल मांडी घालून बसलं की जमिनीपासून टाळूपर्यंत साठेक सेंटिमीटर होतं. पाय उंचीच्या हिशेबातून गेले. आता मामांचं डोकं म्हणजे आकृतीचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग, आणि तरी प्रमाण खरं. दोन फूट रुंदीत बसलेलं मूल सव्वीस इंच उंच घेतलं तर डोकं नऊ इंचाचं होतं. सहाचे नऊ झाले, एका पिक्सेलची लबाडी न करता.

आम्ही नातवाला पाटावर बसवलं, समोर ताट, हातात अर्धा खाल्लेला बेसनाचा लाडू, गालाला न लागता शर्टावर सांडलेला. त्यावर मामांचा चेहरा, तोही हसरा नाही; आमटीत मीठ कमी असताना त्यांचा जो होतो तो. मामी पोस्टरजवळून पुढे गेल्या, थबकल्या, परत मागे आल्या आणि मग पदर तोंडाला लावून जे हसत सुटल्या! मामांनी ते पोस्टर कार्य झाल्यावर गुंडाळून घरी नेलं. पहिलं कुठे गेलं, कुणी विचारलंही नाही.

मावसभाऊ अजून ऐकत नाही. त्याचं म्हणणं, लाडवामुळे हसले. असो.

छापायला देताना एक सांभाळा. दुकानदाराकडे तयार चौकट तीन बाय तीनची असते आणि आपली फाइल दोन बाय तीनची. तो माऊसने एक कोपरा धरतो आणि ताणून बसवतो. तुम्ही रात्रभर जुळवलेली रुंदी त्याच्या एका झटक्यात दीडपट होते, आणि डोकं पुन्हा खांद्यांसकट फुगतं. फाइल त्याच मापाची करून न्या, आणि छापायला लागेपर्यंत त्याच्या खुर्चीमागे उभे राहा. चहा विचारला तरी तिथेच घ्या.

आणि दादा, पुढच्या महिन्यात वहिनींची साठी आहे आणि पोस्टर तू करणार आहेस हे मला कळलंय. त्यांच्या भाचीचा बसलेला फोटो आणि वहिनींचा खिडकीजवळचा फोटो मला आधी पाठव. रुंदी मी मोजून देते.